चिमणी घेण्याआधी भिंतीतलं भोक ठरवा

स्वयंपाकघरातली चिमणी विकत घ्यायला गेलं की दुकानदार पहिला आकडा सांगतो तो ओढण्याच्या ताकदीचा. 1000, 1200, 1500. हे घनमीटर दर तासाला असतात, म्हणजे तासाभरात ते यंत्र इतकी हवा ओढून बाहेर टाकेल असा दावा. गिऱ्हाईक दोन आकड्यांची तुलना करतं, मोठा आकडा घेतं आणि घरी येतं. मग चार महिन्यांनी तक्रार सुरू होते: आवाज विमानासारखा, पण मिरचीची फोडणी दिली की ठसका मात्र हॉलमध्येच.

यंत्र बहुतेक वेळा ठीक असतं. चुकलेली असते ती यंत्राच्या वरची आणि खालची जागा. वर, धूर बाहेर नेणारा पाइप कुठून कसा वळला. आणि खाली, बर्नर आणि चिमणी यांच्यात किती अंतर राहिलं. छोट्या फ्लॅटमध्ये या दोन्ही गोष्टी यंत्र यायच्या आधीच ठरून गेलेल्या असतात. बहुधा सुताराने ठरवलेल्या असतात आणि त्याला चिमणीशी काही देणंघेणं नसतं.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. वन बीएचकेमधलं नेहमीचं स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट, उंची साडेनऊ फूट. त्यात हवा मावते साधारण 15 घनमीटर. चिमणीने खरोखर तासाला 1200 घनमीटर हवा ओढली, तर दर 45 सेकंदांनी त्या खोलीतली सगळीच्या सगळी हवा बदलेल. सहा इंची पाइपातून तेवढी हवा जायची तर तिचा वेग ताशी 68 किलोमीटरच्या आसपास हवा. असं कुठल्याच घरात होत नाही. कारण तो आकडा यंत्राला पाइप नाही, वळण नाही, समोर काहीही अडथळा नाही अशा अवस्थेतला असतो. पाइप जोडला की तो उतरायला लागतो. किती उतरेल हे पाइपाची वाट ठरवते.

मग गरज असते तरी किती? चिमणीचं तोंड 60 सेंटीमीटर रुंद आणि 50 सेंटीमीटर खोल धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर. वर चढणारी वाफ आणि धूर बाजूला निसटू नयेत म्हणून त्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. गुणाकार केला की तासाला 540 घनमीटर येतात. थोडं इकडे तिकडे धरा, 450 ते 600. दोन बर्नरची शेगडी आणि चौघांचा स्वयंपाक यासाठी एवढं भागतं. खोक्यावर 1200 लिहिलेल्या यंत्राकडून ते मिळू शकतं. आणि त्याच यंत्राकडून ते न मिळण्याची व्यवस्थाही आपण करू शकतो.

ती व्यवस्था पाइपात होते. हवा सरळ, गुळगुळीत पाइपातून जाताना फारशी कुरकुर करत नाही. काटकोनात वळवली की आतल्या कोपऱ्याशी ती भिंतीपासून सुटते, तिथे भोवरे तयार होतात आणि पंख्याचा जोर त्या भोवऱ्यांत वाया जातो. चिमणी लावणाऱ्यांसाठी हे मोजायची एक सोपी रीत आहे: प्रत्येक अडथळा किती मीटर सरळ पाइपाइतका भारी पडतो ते धरायचं. सहा इंची पाइपात एक टोकदार काटकोनी वळण सात-आठ मीटर सरळ पाइपाइतकं भारी पडतं. तेच वळण मोठ्या गोलाईचं घेतलं, किंवा 45 अंशांच्या दोन बेंडमध्ये थोडं अंतर ठेवून विभागलं, तर अडीच-तीन मीटरांत भागतं. वळण तेवढंच, पण तिप्पट फरक.

दुसरा चोर म्हणजे अल्युमिनियमचा तो घड्यांचा पाइप. कुठेही वाकतो, कापायला सोपा, अर्ध्या तासात काम होतं, म्हणून लावणाऱ्याचा तो लाडका. पूर्ण ताणून, सरळ लावला तर फार बिघडत नाही. पण तो क्वचितच ताणला जातो. दोन मीटरच्या अंतरात तीन मीटर पाइप माळ्यावर कोंबलेला असतो, कारण उरलेला कापायचा कंटाळा. आतल्या सगळ्या घड्या हवेला अडवतात आणि असा सैल पाइप गुळगुळीत पाइपापेक्षा तिप्पट भारी पडू शकतो. शिवाय तो मध्ये झोल खातो, झोलात तेल साचतं आणि उन्हाळ्यात एखाद्या दिवशी कपाटाच्या फळीवर पिवळा थेंब पडतो. घरातल्यांना वाटतं, चिमणी गळतेय.

आता हे एका घरात बसवून बघू. तेच आठ बाय सातचं स्वयंपाकघर. ओटा लांब भिंतीला लागून, टोकाला सिंक, सिंकजवळच्या बाहेरच्या भिंतीत खिडकी, शेगडी ओट्याच्या मध्यावर. खिडकीच्या वर काँक्रीटचा बीम. बीममधून भोक पाडता येत नाही, आणि कोणी पाडून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. त्यातल्या सळया इमारतीचं वजन पेलतात.

लावणारा माणूस इथे सहसा काय करतो? चिमणीतून घड्यांचा पाइप वर काढतो, कपाटांवर आडवा टाकतो, खिडकीपाशी बीम आला म्हणून खाली वळवतो आणि खिडकीची वरची काच काढून तिथे बसवलेल्या पत्र्यातून बाहेर नेतो. मोजा: वाटेत कपाटाच्या कोपऱ्याचं एक वळण धरून एकूण चार वळणं, साडेतीन मीटर सैल पाइप, आणि टोकाला झडप व जाळीचं झाकण. चार वळणांचे 32 मीटर, सैल पाइपाचे साडेदहा आणि झाकणाचे अंदाजे 11. एकूण साडेत्रेपन्न मीटर सरळ पाइपाइतका भार, तोही साडेतीन मीटरच्या अंतरात.

याच घरात दुसरी वाट आहे. खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये बहुतेक वेळा फूटभर विटांची भिंत असते. तिथे, बीमच्या खाली, कोअर कटिंगने गोल भोक पाडायचं. चिमणीतून पाइप वर आला की एकच मोठ्या गोलाईचा बेंड, मग कपाटांवरून दोन मीटर सरळ, कडक पाइप, थेट बाहेर. बेंडचे अडीच मीटर, पाइपाचे दोन, झाकणाचे तेच 11. एकूण साडेपंधरा.

भार साडेतीनपट कमी झाला. हवा त्याच पटीत वाढत नाही, कारण अडथळा हवेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. पण पहिल्या वाटेने जिथे तासाला 400 घनमीटर बाहेर पडतील, तिथे दुसऱ्या वाटेने त्याच यंत्रातून 600-650 पडतील असा साधारण हिशेब निघतो. आपल्याला लागत होते 450 ते 600. म्हणजे एक वाट गरजेच्या खाली राहते, दुसरी गरज भागवते, आणि यंत्र दोन्हीकडे तेच. पहिल्या वाटेवर 1200 ऐवजी 1500 चं यंत्र आणलं तरी थोडीच भर पडते. आवाज मात्र नक्की वाढतो.

पाइपाच्या जाडीबद्दल एवढंच, पण ते पक्कं लक्षात ठेवा. यंत्राचं तोंड सहा इंची असेल तर भिंतीच्या बाहेरपर्यंत सहा इंचीच पाइप हवा. ‘भोक चार इंची आहे, रिड्यूसर लावतो’ हे ऐकून मान डोलवू नका. तेवढीच हवा सहाऐवजी चार इंची पाइपातून न्यायची तर सरळ पाइपातला अडथळा सातपटीहून जास्त होतो. जुन्या घरातल्या एक्झॉस्ट फॅनचं किंवा गिझरचं भोक तयार आहे म्हणून ते वापरण्याचा मोह इथेच महाग पडतो.

कडक पाइप कशाचा घ्यावा? आपल्याकडे पीव्हीसी सर्रास वापरतात. तो आतून गुळगुळीत असतो, स्वस्त असतो, बेंडही सहज मिळतात. पण आग लागली तर तो वितळतो, आणि तेलाने माखलेल्या पाइपात आग ही अशक्य गोष्ट नाही. पत्र्याचा किंवा स्टीलचा पाइप करून घेता आला तर तोच घ्यावा. आडव्या भागाला बाहेरच्या दिशेने किंचित उतार द्यावा, म्हणजे साचलेलं तेल आणि पावसाचं पाणी घरात न येता बाहेर जातं. मुंबई-कोकणात पश्चिमेच्या भिंतीवर तोंड असेल, तर पावसाळ्यात वारा झडप आत ढकलतो, पाणी शिरतं आणि चालू चिमणीलाही वाऱ्याविरुद्ध जोर लावावा लागतो. तिथे खाली तोंड असलेलं झाकण लागतं. आणि हे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीपाशी किंवा इमारतीच्या बंद शाफ्टमध्ये सोडू नये. सोसायटीची परवानगी भोक पाडण्याआधी घेतलेली बरी, भांडण झाल्यावर नव्हे.

आता खालचं अंतर. बहुतेक उत्पादक बर्नरपासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत 65 ते 75 सेंटीमीटर, म्हणजे 26 ते 30 इंच, सांगतात. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा. हे अंतर मोजायचं कुठून, इथेच निम्मा गोंधळ होतो. ते ओट्यापासून नाही, शेगडीवर पातेलं टेकतं त्या पातळीपासून मोजायचं. ओट्यावर ठेवायची शेगडी चार-पाच इंच उंच असते. ओट्यात बसवलेला हॉब त्याहून बराच बुटका. आज शेगडी आणि उद्या हॉब असा विचार असेल तर आधीच हिशेब करा, कारण चिमणी पुन्हा खाली आणायची म्हणजे पाइपही पुन्हा जोडायचा.

चिमणी खूप वर गेली की काय होतं? गरम हवा सरळ खांबासारखी वर जात नाही. ती चढता चढता आजूबाजूची हवा ओढून घेते आणि पसरत जाते. 65 सेंटीमीटरवर जेवढी हवा पकडावी लागते, तिच्या जवळजवळ दीडपट 90 सेंटीमीटरवर पकडावी लागते. म्हणजे एक फूट वर टांगलेल्या चिमणीला तोच धूर पकडायला दीडपट ताकद हवी. त्यात दारातून वारा आला किंवा हॉलमधला पंखा जोरात असला, तर तो पसरलेला धूर वाटेतच कलतो आणि कडेबाहेर जातो.

खूप खाली आली तर उलट संकट. मोठ्या आचेवर जाळ्यांमधलं तेल तापतं, प्लॅस्टिकचे भाग आणि वायरी त्रास सोसतात, आणि कढईतलं तेल पेटलंच तर ज्वाळा थेट तेलकट जाळीला लागते. शिवाय कुकर ठेवल्यावर बर्नरच्या वरचे आठ-नऊ इंच तोच खातो. उरलेल्या जागेत शिटीची वाफ, डाव आणि डोकं या तिघांना मावायचं असतं.

आपल्या नमुन्याच्या घरात ओटा 33 इंच उंच, शेगडी पाच इंच. बर्नर 38 इंचांवर आला. त्यात 28 मिळवले की चिमणीची खालची कड जमिनीपासून 66 इंचांवर, म्हणजे साडेपाच फुटांवर. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला ती डोक्यावरून चार इंच राहते. पावणेसहा फुटी माणसाचं कपाळ मात्र थेट कडेवर. त्या घरात तिरप्या काचेची चिमणी घ्यावी. तिची खालची कड भिंतीलगत असते आणि पुढची बाजू वर उचललेली असते, त्यामुळे डोक्याला जागा मिळते. अंतर अर्थातच खालच्या कडेपासून मोजायचं.

आता सुताराकडे या. वरची कपाटं तो सहसा ओट्यापासून 24 इंचांवर लावतो, म्हणजे आपल्या घरात जमिनीपासून 57 इंचांवर. आणि मग चिमणीची खालची कड कपाटांच्या ओळीत आणतो, कारण चित्रात तसं छान दिसतं. हिशेब करा: 57 वजा 38, बर्नरपासून फक्त 19 इंच. सांगितलेल्या किमान अंतरापेक्षा सात इंच कमी. कपाटांची रेघ आणि चिमणीची कड वेगळी दिसणार, हे मान्यच करायचं. नऊ इंचांचा तो दात डोळ्याला खुपत असेल तर चिमणीच्या दोन्ही बाजूंची कपाटं थोडी वर घ्या. चिमणी खाली आणू नका.

रुंदीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. चिमणी शेगडीएवढी तरी रुंद हवी, दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जास्त असेल तर उत्तम. दोन बर्नरच्या आटोपशीर शेगडीला 60 सेंटीमीटर चालते. तीन किंवा चार बर्नरच्या रुंद शेगडीला 75 किंवा 90 लागते, आणि सात-आठ फुटी ओट्यावर 90 ची चिमणी म्हणजे जवळजवळ एक अख्खं कपाट गेलं. माझं मत विचाराल तर लहान घरात 90 च्या हौसेपेक्षा दोन बर्नरची शेगडी आणि 60 ची चिमणी जास्त शहाणपणाची.

लोक रुंदी बघतात, खोली विसरतात. ओटा 24 इंच खोल असतो, चिमणी 18 ते 20 इंच. शेगडी भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढून ठेवली की पुढचा भाग चिमणीच्या सावलीबाहेर येतो. तीन बर्नरच्या शेगडीत तर मोठे दोन बर्नर पुढे आणि छोटा मागे असतो. म्हणजे तळण जिथे होतं तीच जागा कडेला. शेगडी मागे सरकवणं याला एक रुपयाही लागत नाही.

पाइपाची वाट चांगली, उंची बरोबर, तरीही धूर राहतोय, असं झालं तर खिडकी-दारांकडे बघा. तासाला 500 घनमीटर हवा बाहेर जायची तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. एसी चालू म्हणून सगळं घट्ट बंद केलं की चिमणीचा दम कोंडतो. यात एक खरा धोका आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर कोंडलेली चिमणी त्याचा जळका वायू उलटा घरात ओढू शकते, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन्ही एकावेळी चालवायचे असतील तर खिडकी उघडी हवीच. मात्र उघडायची ती लांबची, हॉलमधली. शेगडीशेजारची खिडकी उघडली तर तिचा झोत धूर चिमणीपर्यंत पोचूच देत नाही.

बाहेर पाइप नेणं शक्यच नसेल, तर कोळशाची जाळी लावून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी सुचवली जाते. ती तेल अडवते, वास काही काळ कमी करते. वाफ आणि उष्णता मात्र खोलीतच राहतात आणि कोळसा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. तिच्यापेक्षा खिडकीतला चांगला एक्झॉस्ट फॅन मला बरा वाटतो.

लावून झाल्यावर लावणारा माणूस जाळीला कागद चिकटवून दाखवतो आणि ‘बघा कसा ओढतो’ म्हणतो. त्या कागदाने फक्त जाळीशी ओढ आहे एवढंच कळतं. ती ओढ बर्नरपर्यंत पोचते का, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी उदबत्ती लावा आणि शेगडीच्या पुढच्या कडेवर, पातेल्याच्या तोंडाच्या उंचीला धरा. चिमणी मधल्या वेगावर असताना धुराची रेघ आत वळली तर ठीक. सरळ वर जाऊन चिमणीच्या कडेला निसटली तर उंची किंवा पाइप यांत काहीतरी चुकलंय. मग बाहेर जाऊन झडप बघा: यंत्र चालू असताना ती पूर्ण उघडायला हवी. अर्धवट फडफडत असेल तर हवा पोचत नाहीये, किंवा तेलाने बिजागरी चिकटली आहे. पुढच्या काही महिन्यांत कपाटाच्या खालच्या बाजूला, चिमणीच्या दोन्ही कडांना बोट फिरवून बघा. एकाच बाजूला चिकट थर असेल तर त्या बाजूने वारा येतोय. दोन्हीकडे असेल तर चिमणी उंच आहे किंवा अरुंद आहे.

नवं घर घेताय किंवा ओटा बदलताय, तर क्रम उलटा करा. आधी बाहेरच्या भिंतीवर सहा इंची भोकाची खूण करा, मग त्याला सगळ्यात कमी वळणांनी गाठता येईल अशी शेगडीची जागा ठरवा, मग बर्नरपासून 28 इंचांवर पेन्सिलने रेघ मारा. सुताराला कपाटांची मापं त्यानंतर द्या, आणि दुकानात सगळ्यात शेवटी जा.